टीप लिहा : गनिमी कावा (गुण ४)

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी, नववीच्या विद्यार्थ्यांसमोर केलेलं भाषण)



इतिहासाच्या बाईंनी मला फोनवर सांगितलं, "कॉम्प्युटरवर बोलू नकोस, ते त्यांना तुझ्याहून जास्त येतं. गनिमी काव्यावर टीप सांग. तुझी राहिलीच आहे." खरंच राहिली आहे. सहामाहीला चार गुणांची टीप होती. मी लिहिलं होतं : डोंगराळ मुलुख, चपळ घोडदळ, अचानक हल्ला, अभेद्य किल्ले. बाईंनी दोन गुण दिले आणि 'अभेद्य'खाली लाल रेघ मारली. त्या रेघेचा अर्थ कळायला मला पंचवीस-एक वर्षं आणि विशालगडाच्या चार फेऱ्या लागल्या.

किल्ले अभेद्य नव्हते. १६६५ साली मिर्झाराजा जयसिंग आला तेव्हा त्याने पुरंदराला वेढा घातलाच, पण त्याच वेळी घोडदळाच्या तुकड्या आसपासच्या खेड्यांत सोडून गावं जाळायला लावली. किल्ल्याला धान्य, वैरण, माणसं या गावांतूनच मिळायची. शेजारचा वज्रगड दोन-अडीच आठवड्यांत पडला, मुरारबाजी लढताना मारले गेले, आणि जूनमध्ये तह होऊन तेवीस किल्ले द्यावे लागले. तट मजबूत होता, माणसं शूर होती, तरी पुरलं नाही. नुसता किल्ला पुरत नाही हे इथे लक्षात ठेवा.

आता सदतीस वर्षं पुढे या. संभाजीराजांना मारून दहा-बारा वर्षं झालेली, राजाराममहाराज १७०० च्या मार्चमध्ये सिंहगडावर वारले, कारभार ताराबाईंच्या हातात. औरंगजेब ऐंशी ओलांडलेला, आणि स्वतः सैन्य घेऊन एकेक किल्ला घ्यायला निघालेला. सातारा, परळी, पन्हाळा घेऊन झाले. १७०१ च्या अखेरीस तो विशालगडाकडे वळला. मोगल कागदांत त्याचं नाव खेळणा.

ज्यांनी विशालगड पाहिलाय त्यांना आठवेल, गड पठारापासून खोल घळीने तुटलेला आहे. समोर उभं राहिलं की वाटतं, हाक मारली तर ऐकू जाईल. पण मध्ये दरी. तिथवर पोचायलाच आंबा घाटाचं जंगल तोडून वाट करावी लागली. माणूस कसाही चढतो हो, तोफ चढत नाही. फत्तेउल्लाखानाने बेलदार आणि मजूर लावून रस्ता फोडला. मग वेढा. दमदमे बांधायचे, म्हणजे लाकूड-मातीचे उंच ओटे, ज्यांवरून तोफा तटाच्या उंचीला येतात. झाकलेल्या गल्ल्या करून मोर्चे पुढे सरकवायचे. वरून किल्लेकरी दगड लोटतात, रात्री उतरून मोर्चे उधळतात. शिवाय कोकणाकडचा दरवाजा सुरुवातीला मोकळाच होता. तो बंद करायला निराळी फौज पाठवावी लागली.

हे सगळं होईपर्यंत डिसेंबरचा जून झाला. गडावर परशुराम त्र्यंबक, म्हणजे पुढचे परशुरामपंत प्रतिनिधी. आणि मग त्यांनी गड दिला. शाहजादा बेदारबख्तामार्फत बोलणी झाली, दोन लाख रुपये आणि सगळ्यांना सुखरूप खाली जाऊ द्यायचं, एवढ्यावर.

शाळेत असताना हे कळलं असतं तर मी त्याला सरळ फितुरी म्हटलं असतं. पण तारीख बघा. जूनचा पहिला आठवडा. सहा महिने बादशहाची सगळी छावणी एका डोंगराखाली अडकवून ठेवली, आता वरचा दाणागोटा संपत आला, आणि खालच्याला पाऊस सुरू व्हायच्या आत काहीही करून गड हवा आहे. त्याला घाई असताना किंमत चांगली येते. शिबंदी जिवंत उतरली, पैसे मिळाले, आणि ते पैसे मोगल खजिन्यातलेच होते. सातारा, परळी यांनीही झुंजून, अटी ठरवूनच दार उघडलं होतं. या साऱ्या मोहिमेत शिड्या लावून तलवारीच्या जोरावर घेतलेला किल्ला म्हणून तोरण्याचंच नाव घेतात, तोही १७०४ साली.

गड घेऊन बादशहा पन्हाळ्याकडे परत निघाला. अंतर सुमारे तीस मैल, म्हणजे पन्नासेक किलोमीटर. लागले अडतीस दिवस. ओढे फुगलेले, वाट चिखलात गेलेली, बैल आणि उंट पडताहेत, तंबू भिजून इतके जड की उचलवेनात, छावणीत धान्य महाग झालेलं. आता तुम्हीच आठवा, पन्हाळा ते विशालगड हा प्रवास आणखी कोणी, कुठल्या महिन्यात केला होता? १६६० चा आषाढ. शिवाजीमहाराज रात्री पन्हाळ्यावरून निघाले आणि दुसऱ्या दिवशी विशालगडावर पोचले. बाजीप्रभू वाटेत खिंडीत राहिले. वाट अगदी पावलापावलाने तीच नसेल, पण दोन टोकं तीच आणि पाऊसही तोच. एका बाजूला पाच-सहाशे मावळे, दुसऱ्या बाजूला तोफा, हत्ती, बाजार आणि जनाना घेऊन चालणारं शहर.

१६६५ ला नव्हतं आणि १७०२ ला होतं, असं काय? मैदानातली फौज. धनाजी जाधवांसारखे सरदार या काळात वेढ्यावर सरळ चालून जात नव्हते. वेढा घालणाऱ्या सैन्याला धान्य लागतं, ते वंजाऱ्यांच्या बैलांच्या तांड्यांनी येतं, आणि तांडा सैन्याइतका राखता येत नाही. मराठे तिथे घाला घालायचे. दुसरीकडे मोगलांच्या मुलखात शिरून चौथ वसूल करायचे. जोवर बादशहा गडाखाली बसलाय तोवर ते मुलुख मोकळे होते. म्हणजे किल्ला शत्रूला एका जागी खिळवून ठेवी आणि घोडदळ त्या जागेवर त्याचं बसणं महाग करी. मी 'अचानक हल्ला' लिहिलं होतं, पण कशावर हल्ला ते लिहिलंच नव्हतं.

याची झळ खालच्या गावांनाच बसली, हेही टीपेत यायला हवं. मोगल छावणी शेत खाऊन जाई, आणि मराठ्यांचे घोडेही वैरण खातच. जयसिंगाने जे ठरवून केलं, ते या वीस-पंचवीस वर्षांत न ठरवताही होत राहिलं. रयत गाव सोडून परागंदा झाली तर गडालाही दाणा मिळत नाही. त्यामुळे ही लढाई कितीही वर्षं चालवता आली असती असं मला वाटत नाही.

पण बादशहा आधी थकला. १७०५ मध्ये तो बेरडांच्या वाकिणखेड्यात गुंतला असताना इकडे मराठे घेतलेले किल्ले परत घेत होते. बादशहाकडे किल्ला घेण्यापुरतं सैन्य होतं, घेतलेल्या प्रत्येक किल्ल्यावर पुरेशी शिबंदी आणि तिला दरवर्षी धान्य द्यायची सोय नव्हती. १७०७ मध्ये अहमदनगरजवळ तो वारला तोवर त्यातले बरेच किल्ले पुन्हा मराठ्यांकडे आले होते.

तर बाई, 'अभेद्य' खोडलं आहे. त्या जागी 'शत्रूचा पावसाळ्यापर्यंतचा वेळ खाणारे' असं वाचावं. शब्द जास्त झाले, पण उरलेले दोन गुण द्यायला हरकत नसावी.