साच्यातली ओळ

आमच्या सटाण्यात डाळिंब-कांदा विकणारे काही तरुण मोबाइलवरच्या जाहिरातींच्या ओळी घेऊन माझ्याकडे आले. लिहिणारे चौघे. एक गिऱ्हाइकाला 'तू' म्हणे, दुसरा 'आपण'. दुकान एक, बोलणे चार तऱ्हांचे. म्हणून त्यांनी साचे केले होते : 'नवा ___ आला, ___ला घरपोच.' कांदा नीट बसला. डाळिंब घातले, तर निघाले 'नवा डाळिंब आला, सटाणाला घरपोच'!

मराठीत नाम बदलले की विशेषण आणि क्रियापदही बदलते, प्रत्ययापूर्वी सटाण्याचे रूपही पालटते. कानाला ते कळते, साच्याला नाही. मग ठरवले, रिकाम्या जागेला प्रत्यय जोडायचाच नाही. 'आजचा माल : डाळिंब. घरपोच : सटाणा, नामपूर, ताहाराबाद.' इथे 'आजचा' हा 'माल'शी जुळतो, फळ कोणतेही येवो. ओळ जरा कोरडी होते खरी. म्हणून प्रत्येक फळाची एकेक पूर्ण ओळ वेगळी लिहून ठेवली. संबोधन सगळीकडे 'तुम्ही'.

नवा साचा वहीत चढवण्याआधी कांदा, डाळिंब, मेथी घालून मोठ्याने वाचायचा; तिन्ही लिंगे तपासून होतात. माल खराब निघाल्यावर मागायच्या माफीचा साचा मात्र मी करू दिला नाही. ती ज्याची त्याला, दरवेळी नव्याने लिहायची.