टॉवरच्या लहरी आणि एक्स-रेचे किरण

(संगमनेर येथे गल्लीतील रहिवाशांच्या बैठकीत आपल्या शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने केलेले भाषण. त्यांनी रुग्णालयाच्या एक्स-रे विभागात अनेक वर्षे नोकरी केली. मेळाव्यात अनेकांनी आग्रह केल्यावरून येथे छापत आहोत.)



समोरच्या इमारतीच्या गच्चीवर टॉवर बसणार म्हणून आपण जमलो आहोत. अर्जाचा मसुदा मी वाचला. त्यात एक वाक्य आहे, ‘एक्स-रेसारखे घातक किरण चोवीस तास आमच्या मुलांवर पडणार.’ मला या एकाच वाक्याबद्दल बोलायचे आहे, कारण माझी सगळी नोकरी एक्स-रेच्या खोलीत गेली.

दोन्हीला आपण रेडिएशन म्हणतो आणि तिथूनच घोटाळा सुरू होतो. चुलीची धग, दिव्याचा उजेड, रेडिओचे प्रक्षेपण आणि एक्स-रे ही सगळी एकाच कुळातली मंडळी. फरक आहे तो दर कणामागे असलेल्या ऊर्जेचा. या लहरी ऊर्जा सलग ओतत नाहीत, छोट्या छोट्या पुड्यांत देतात. १९०५ साली आइन्स्टाइनने हे मांडले आणि पुढे नोबेल मिळाले ते याच कामासाठी. एका रेणूला एका वेळी एकच पुडी मिळते, असे इथे धरून चाला.

कवठाच्या झाडाखाली आपण सगळेच लहानपणी उभे राहिलो आहोत. कवठ पाडायला एक नेमका दगड पुरतो. त्याऐवजी मूठ मूठ ज्वारी दिवसभर फेकली तरी कवठ पडत नाही. दाणे हजार झाले म्हणून त्यांचा दगड होत नाही, कारण देठ तुटायला लागणारा जोर एकाच फटक्यात यावा लागतो.

आपल्या शरीरातल्या रेणूतून इलेक्ट्रॉन उडवून लावणे म्हणजे ते देठ तोडणे. यालाच आयनीकरण म्हणतात. ९०० मेगाहर्ट्झच्या मोबाइल लहरीची एक पुडी त्यासाठी निदान पंचवीस लाख पटींनी तोकडी पडते. घरातल्या दिव्याच्या उजेडाची पुडीसुद्धा तिच्यापेक्षा सुमारे पाच लाख पट मोठी असते. एक्स-रे यंत्रातून निघणारी साधारण पुडी मात्र मोबाइलच्या पुडीच्या आठशे कोटी पट भरते. ती पेशीत शिरली की वाटेतले इलेक्ट्रॉन उडवते. त्यातून डीएनएचा धागा तुटू शकतो. पेशी बहुतेक वेळा तो सांधते, पण कधी चुकीचा सांधते, आणि ती चूक वर्षानुवर्षे राहते. म्हणून एक्स-रेच्या मात्रेची बेरीज धरावी लागते.

मग ज्वारीचे दाणे काहीच करत नाहीत का? करतात. पोतेच अंगावर ओतले तर भार जाणवतो. तसे रेडिओ लहरी फार जोरदार असतील तर अंग तापते. मायक्रोवेव्ह भट्टीत अन्न शिजते ते यामुळेच. ही ऊब हा त्यांचा सिद्ध झालेला परिणाम आहे आणि मर्यादा तिच्यावरूनच ठरतात. एमआरआयच्या यंत्रातही एक्स-रे नसतात. नेहमीच्या दीड टेस्लाच्या यंत्रात सुमारे ६४ मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरी रुग्णाच्या अंगातून सोडतात आणि अंग किती तापेल यावर तिथेही बंधन असते. टॉवरला घाबरणारे लोक एमआरआय निर्धास्त करून घेतात, याची मला नेहमी गंमत वाटते.

आता आपल्या गल्लीचा हिशेब करू. भारतात १ सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेचा दहावा भाग ही मर्यादा लागू झाली. ९०० मेगाहर्ट्झसाठी ती दर चौरस मीटरला ०.४५ वॅट येते. एका अँटेनाला २० वॅट दिले आणि तिने ते एका दिशेला पन्नास पट एकवटले असे धरू. त्या दिशेपुरता तो १००० वॅटचा दिवा झाला. ५० मीटरवर ही ऊर्जा ३१,४०० चौरस मीटरच्या गोलावर पसरल्यासारखी होते, म्हणजे चौरस मीटरला ०.०३ वॅट. असे तीन चॅनेल एकाच दिशेला असले तरी ०.१ वॅट, म्हणजे मर्यादेच्या पावभागाहून कमी. आणि हे झोताच्या अगदी मधोमध उभे राहिल्यावर.

पण याच अँटेनासमोर १० मीटरवर, त्याच उंचीला कोणाची गच्ची असेल तर? ढोबळ हिशेबाने एकाच चॅनेलचे ०.८ वॅट येतात. मर्यादा ओलांडली. म्हणून काळजीची जागा अँटेनाच्या तोंडासमोरची, तिच्या उंचीची गच्ची किंवा खिडकी आहे. अँटेनाच्या खालच्या घरात त्या मानाने फार कमी पोचते, कारण झोत जवळजवळ आडवा असतो, किंचित खाली झुकलेला. आपल्यापैकी फक्त दोन गच्च्या त्या उंचीला आहेत. प्रश्न विचारायचा तो त्यांच्यासाठी.

टॉवर लांब हाकलला तर आणखी एक गोष्ट होते. सिग्नल क्षीण झाला की कानाशी धरलेला फोन आपली ताकद वाढवतो. डोक्याला जास्त लहरी मिळतात त्या या फोनच्या, कारण तो दोन सेंटिमीटरवर असतो.

मागच्या बैठकीत एका काकांनी विचारले, ‘मग कॅन्सरच्या संस्थेने २०११ मध्ये याला यादीत का घातले?’ प्रश्न रास्त आहे. त्या संस्थेने रेडिओ लहरींना ‘कदाचित कारण असू शकेल’ या गटात ठेवले. एक्स-रे आहेत ‘कारण आहेच’ या गटात. हे गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतात, धोका किती मोठा ते नव्हे. २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेल्या आढाव्यात मोबाइल वापर आणि मेंदूचा कॅन्सर यांचा संबंध आढळला नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्वाल्हेरच्या एका कर्करुग्णाच्या अर्जावरून एक टॉवर बंद करायला सांगितला हे खरे, पण त्या आदेशाने लहरींमुळे कॅन्सर होतो हे शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध झाले नाही.

खरी काळजी कुठे करावी ते माझ्या खोलीत दिसायचे. छातीचा एक एक्स-रे म्हणजे ०.१ मिलिसिव्हर्ट किंवा त्याहून कमी. जमिनीतून, आकाशातून आणि हवेतून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच, त्यामुळे एका एक्स-रेला घाबरू नका. पोटाचा सीटी मात्र आठ-दहा मिलिसिव्हर्टचा असतो. ‘साहेब, एकदाचा सीटीच काढून टाका,’ म्हणणारे, आणि गेल्या महिन्याची फिल्म घरी विसरून तोच तपास पुन्हा करवून घेणारे मी रोज पाहिले. डॉक्टरांनी सांगितलेला सीटी टाळू नका, पण जुन्या फिल्म जपून ठेवा, आणि सोनोग्राफीने भागेल का हे विचारा. पोटात बाळ असेल तर खोलीत जाण्याआधी सांगा. आईच्या मागे खोलीत शिरलेल्या लहानग्याला बाहेर ठेवा. यंत्र बंद झाल्यावर खोलीत किरण उरत नाहीत, तेव्हा नंतर आत यायला हरकत नाही.

आता अर्जाबद्दल. एक्स-रेचे वाक्य काढा, नाहीतर पहिल्याच सुनावणीत बाकीचा अर्ज हलका होईल. त्याजागी त्या दोन गच्च्यांचे अंतर आणि उंची मोजून लिहा. दूरसंचार विभागाच्या ‘तरंग संचार’ पोर्टलवर टॉवर नियमात आहे का ते पाहता येते, आणि ठरावीक शुल्क भरून मोजणीही मागता येते. टॉवर सुरू झाल्यावर ती मोजणी त्याच दोन गच्च्यांवर व्हावी अशी मागणी घाला. इमारत जुनी आहे, तिला हा भार पेलेल याचा स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला मागा. डिझेल जनरेटर कुठे बसणार, रात्री त्याचा आवाज किती, धूर कोणाच्या खिडकीकडे, हेही लिहा. मोजपट्टी माझ्याकडे आहे. रविवारी सकाळी दोघे जण गच्चीवर या.