पहिला रुपया कुठे जमा होतो?

मार्चअखेरची खाती नुकतीच लेखापरीक्षकाकडे गेली आहेत. त्यामुळे आज समोर बसलेल्यांत काही थकलेले खजिनदार असतील आणि काही त्यांचे थकबाकीदारही असतील. शेजारी कोण बसलंय ते आत्ता बघू नका.

आमच्या सोसायटीत मी अकरा वर्षं खजिनदार होतो. त्यातल्या एकाच पत्राबद्दल बोलतो. दोन वर्षं मेंटेनन्स न भरलेल्या सभासदाला लिहिलेलं ते चौथं पत्र. आधीची तीन फुकट गेली होती, आणि त्यात चूक माझी होती.

हिशेब असा. दरमहा अडीच हजार, चोवीस महिने, म्हणजे मुद्दल ६०,००० रुपये. आदर्श उपविधींत थकबाकीवर वार्षिक २१ टक्क्यांपर्यंत सरळव्याजाची मुभा होती, आणि आमच्या सभेने २१च ठरवले होते. पहिलं बिल तेवीस महिने थकलं, दुसरं बावीस, असं शेवटपर्यंत मोजलं की व्याज येतं १२,०७५. माझ्या तिसऱ्या पत्रात आकडा होता १३,७७७! संगणक मागची 'एकूण बाकी' पुढे ओढत होता आणि व्याजावर व्याज चढत होतं. फरक जेमतेम सतराशे रुपयांचा. पण गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी माझ्या पत्रावरच पेन्सिलीने हिशेब मांडून ते परत पाठवलं. खाली एवढंच लिहिलं होतं, 'आधी बिल दुरुस्त करा.' त्या दुरुस्तीच्या नावाखाली साठ हजारही अडकले.

तुमच्याकडे हे होतंय का, ते ओळखणं सोपं आहे. थकबाकीदाराची लागोपाठची तीन-चार बिलं काढा. अडीच हजारांचं बिल असेल, तर व्याजाचा महिन्याचा आकडा दर वेळी ४३ रुपये ७५ पैशांनीच वाढायला हवा. ती वाढच महिन्यागणिक फुगत असेल, तर चक्रवाढ चालू आहे.

चौथ्या पत्रात मी पहिल्याच ओळीत चूक कबूल केली, सोबत बिलवार खातेउतारा जोडला आणि पुढे लिहिलं:

'आपली मुद्दल थकबाकी ६०,००० रुपये व सरळव्याज १२,०७५ रुपये आहे. व्यवस्थापन समितीच्या ठरावानुसार आपण प्रथम १२,००० रुपये व नंतर दरमहा ८,००० रुपयांचे सहा हप्ते द्यावेत. या रकमा आधी मुद्दलात जमा होतील. चालू महिन्याचे बिल वेगळे व वेळेवर भरावे. आपल्या न्हाणीघराच्या गळतीची तक्रार समितीकडे स्वतंत्रपणे नोंदवली आहे.'

यातलं 'आधी मुद्दलात' हे सगळ्यांत महत्त्वाचं. समजा, ते बारा हजार व्याजात वळते केले असते. मग व्याज जवळजवळ फिटलं असतं, पण मुद्दल साठ हजारच राहिलं असतं आणि त्यावर महिन्याला १,०५० रुपये पुन्हा चढत राहिले असते. मुद्दलात जमा केल्यावर ४८,००० उरले आणि महिन्याचं व्याज ८४० वर आलं. माणसाला आपलं देणं उतरताना दिसलं, तर तो दुसरा हप्ता आणतो. देणाऱ्याने किंवा पत्राने हे स्पष्ट केलं नाही, तर रक्कम कशात धरायची हे घेणारा ठरवतो आणि पावतीवरून पुन्हा भांडण सुरू होतं.

चालू बिलाची ओळही विसरू नका. ती नसेल, तर माणूस आठ हजार भरून अडीच हजार नवे थकवतो.

गळतीचं म्हणाल, तर तिच्यासाठी मेंटेनन्स अडवून धरता येत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. पण दोन वर्षांत कोणी त्यांच्या न्हाणीघरात डोकावलंही नव्हतं, हे मलाही ठाऊक होतं. आम्ही प्लंबर पाठवला. वरच्या मजल्यावरच्या नहाणी ट्रॅपचा सांधा सुटला होता.

व्याजाचं काय? ते माफ करणं खजिनदाराच्या हातात नाही आणि समितीनेही परस्पर सोडू नये. सवलत द्यायचीच असेल, तर विषय सर्वसाधारण सभेपुढे न्यावा, म्हणून पत्रात मी माफीचा शब्द दिला नाही. दोन हप्ते चुकले तर हप्त्यांचा प्रस्ताव रद्द होईल आणि सहकार कायद्याच्या कलम १५४ब-२९ खाली वसुली दाखल्यासाठी उपनिबंधकांकडे अर्ज जाईल, एवढं मात्र शेवटी लिहिलं. पाणी तोडण्याची भाषा काही सभासदांनी सुचवली होती. ती बेकायदा धमकी मी पत्रात येऊ दिली नाही. प्रस्ताव मान्य असल्याची त्यांची सही दुय्यम प्रतीवर घेतली, कारण ती थकबाकीची लेखी कबुलीही असते.

चौथा हप्ता वीस दिवस उशिरा आला. बाकीचे वेळेवर आले. सभेत त्यांनी व्याजमाफी मागितली नाही, व्याज हप्त्याने भरण्याची मुभा मागितली. आणि हो, त्या काळात वाढलेल्या व्याजाचा माझा हिशेब त्यांनी पेन्सिलीने तपासला.