हजेरीचा निरोप, पत्राच्या भाषेत

समजा, सातवीच्या वर्गशिक्षिकेने पालकांना व्हॉट्सॲपवर लिहिलं, 'तुमचा मुलगा सारखा दांड्या मारतो. घरी कुणाचं लक्ष नाही. असंच चाललं तर नाव काढून टाकू.' यामागची काळजी खरी आहे, पण शाळेच्या पत्रात हा मजकूर असा जाऊ नये.

आधी हजेरीपट उघडावा आणि 'सारखा'च्या जागी आकडा लिहावा: 'नोव्हेंबरमधील 22 कामाच्या दिवसांपैकी आपला पाल्य 9 दिवस गैरहजर होता.' सोबत तारखाही द्याव्यात. त्यात चारही मंगळवार आले आणि गावचा बाजार मंगळवारी असेल, तर कारणाचा धागा तिथेच सापडू शकतो.

'घरी लक्ष नाही' हा आरोप काढून विचारावं: 'गैरहजेरीचे कारण कृपया कळवावे. काही अडचण असल्यास शाळेशी बोलावे.' नाव काढण्याची धमकी तर द्यायचीच नाही. शिक्षणहक्क कायदा, 2009 नुसार प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. त्याऐवजी भेटीचा दिवस, वेळ आणि कुणाला भेटायचं, ते लिहावं.

शेवटी मुख्याध्यापकांची सही, जावक क्रमांक आणि शाळेच्या फाइलला स्थळप्रत. पालकांना वाचता येत नसेल, तर पत्र त्यांना वाचून दाखवावं. शिक्षकहो, पत्र पाठवण्याआधी एकदा पालकांच्या जागी बसून वाचा. ते वाचून शाळेत यावंसं वाटलं, तरच पाठवा.