प्रबंधाच्या मौखिक परीक्षेतील पहिली दोन मिनिटे
(पदव्युत्तर विद्यार्थी व शेतकरी यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



प्रबंधाचे सादरीकरण सुरू करताना बहुतेक विद्यार्थी केळीचे जगातील क्षेत्र, मग भारतातील, मग जळगाव जिल्ह्यातील अशा क्रमाने बोलतात. दोन मिनिटे त्यातच जातात. परीक्षकांना हे ठाऊक असते. ते तोवर प्रबंधातील तक्ते चाळू लागतात. समोर पाने उलटू लागली की आपले बोलणे वाया चालले आहे असे समजावे.

शांतपणे, आकड्यावर थांबत बोलल्यास दोन मिनिटांत दोनशेच्या आतच शब्द बसतात. एवढ्यात चार गोष्टी याव्यात : प्रश्न काय होता, काय केले, काय आढळले आणि ते कुठवर खरे. आपल्याकडे ही परीक्षा बहुधा इंग्रजीत होते, तरी निवेदन आधी मराठीत मोठ्याने म्हणून पाहावे. जे मराठीत शेतकऱ्याला सांगता येत नाही, ते बहुधा आपल्यालाही नीट उमगलेले नसते.

एक उदाहरण घेऊ. यातील उत्पादनाचे आकडे केवळ समजण्यासाठी धरले आहेत.

“सन्माननीय परीक्षक महोदय, माझा प्रश्न असा होता : ठिबकमधून खते दिल्यास केळीची खतमात्रा पाव भागाने कमी करता येईल काय? शिफारशीत प्रति झाड २०० ग्रॅम नत्र आहे. १.५ × १.५ मीटर अंतरावर हेक्टरी ४,४४४ झाडे बसतात. पाव भाग वाचला, तर हेक्टरी २२२ किलो नत्र, म्हणजे सुमारे ४८३ किलो युरिया वाचतो.

तापीकाठच्या भारी काळ्या जमिनीत, मृगबागेत, दोन हंगाम हा प्रयोग घेतला. शिफारशीच्या १००, ७५ आणि ५० टक्के अशा तीन मात्रा होत्या व प्रत्येकीच्या सहा पुनरावृत्ती होत्या.

दोन हंगामांचे सरासरी उत्पादन हेक्टरी अनुक्रमे ७२, ६९ आणि ५८ टन आले. क्रांतिक फरक ५.२ टन आहे. म्हणून ५० टक्के मात्रेने उत्पादन निश्चित घटले, असे मी म्हणतो. ७५ टक्के मात्रेतील ३ टनांची घट मात्र सिद्ध होत नाही. घट नाहीच, असेही सिद्ध होत नाही.

हा निष्कर्ष कांदेबागेला किंवा हलक्या जमिनीला मी लावत नाही. आपल्या प्रश्नांसाठी मी तयार आहे.”

यातील सर्वांत मोलाचे वाक्य ‘घट नाहीच, असेही सिद्ध होत नाही’ हे आहे. प्रबंधात आपण सर्रास लिहितो की दोन मात्रा ‘सांख्यिकीय दृष्ट्या समान’ आढळल्या. वाचणारा त्याचा अर्थ ‘सारख्याच’ असा घेतो. वरील आकड्यांत ३ टनांच्या फरकाच्या दोन्ही बाजूंना ५.२ टन धरले, तर खरी घट शून्य असू शकते आणि सुमारे ८ टनही असू शकते. रावेर-यावलच्या बागाईतदाराने ४८३ किलो युरिया वाचवला आणि ८ टन केळी गमावली, तर हिशेब कुठे गेला? पालाशाचीही बचत जमेस धरली तरी तो जुळणार नाही. परीक्षक नेमके इथेच बोट ठेवतात. ही मर्यादा त्यांनी काढण्याआधी आपण सांगितली, तर पुढची चर्चा प्रयोगावर होते. त्यांनी काढली, तर ती आपल्या आकलनावर होते.

बोलण्याविषयी थोडेच सांगतो. पहिले वाक्य तोंडपाठ असावे, बाकीचे नको. उभे राहिल्यावर एक श्वास घ्यावा, मग बोलावे. घाई होते ती आकड्यांपाशी. म्हणून ‘७२, ६९ आणि ५८’ म्हटल्यावर मनात तीन मोजून पुढे जावे. पडद्याकडे वळून वाचू नये. दोन मिनिटे संपत आली, तर प्रयोगाचा तपशील गाळावा, मर्यादा गाळू नये.

पहिला प्रश्न बहुधा असा येईल : “मग ३ टनांचा फरक पकडण्यासाठी काय करायला हवे होते?” क्रांतिक फरक पुनरावृत्तींच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो. तो ५.२ वरून २.६ टनांवर आणायचा, तर सहाच्या जागी चोवीस पुनरावृत्ती लागतील. एका प्रक्षेत्रावर केळीसारख्या मोठ्या पिकात तेवढी जागा व एकसारखी जमीन मिळणे कठीण. त्यापेक्षा ५० टक्के मात्रा वगळून उरलेल्या दोन मात्रा रावेर, यावल आणि शिरपूर भागातील शेतकऱ्यांच्या बागांत, प्रत्येक बाग एक पुनरावृत्ती धरून, लावाव्यात. त्यात जमिनीचा फरकही आपोआप तपासला जातो.