नवा वाघ म्हणण्याआधी



या परिषदेचे अध्यक्षपद मला दिलेत, याबद्दल संयोजकांचा मी आभारी आहे. अध्यक्षाने क्षेत्राचा आढावा घ्यावा असा प्रघात आहे, तो पाळतो. १९९० च्या दशकात उल्हास कारंथ यांनी नागरहोळेत कॅमेरा ट्रॅप लावून पट्ट्यांवरून वाघ ओळखले आणि पाऊलखुणांवरच्या गणनेला भक्कम पर्याय उभा राहिला. २०१८ च्या देशव्यापी गणनेत एक वर्षावरचे २,४६१ वेगवेगळे वाघ छायाचित्रांत टिपले गेले. आढावा संपला. आता अनेक वर्षे मनात साठलेले बोलतो.

दोन छायाचित्रे एकाच वाघाची आहेत असे कुणी म्हटले, की आपण दहा प्रश्न विचारतो. ‘हा नवा वाघ आहे’ म्हटले, की अभिनंदन करतो. माझी तक्रार एवढीच आहे, पण ती लहान नाही.

साधा हिशेब पाहा. पहिल्या फेरीत दहा वाघ टिपले. दुसऱ्या फेरीतही दहा, त्यांतले पाच आधीचेच. म्हणजे पहिल्या फेरीत आपल्याला जंगलातले निम्मे वाघ भेटले होते असे धरायचे आणि एकूण अंदाज वीस मांडायचा. आता त्या पाचांपैकी एकाला चुकून ‘नवा’ ठरवा. ओळखीचे उरले चार आणि अंदाज झाला पंचवीस. चूक एका वाघाची, वाढले पाच! आजची गणिते याहून गुंतागुंतीची आहेत, पण चुकीची दिशा हीच. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्राणिसंग्रहालयांतल्या हिमबिबट्यांची छायाचित्रे निरीक्षकांना ओळखायला दिली होती. कोणता प्राणी कोणता, हे अभ्यासकांना आधीच ठाऊक होते. तरी एकाच प्राण्याचे दोन केल्याच्या चुकांमुळे अंदाज सरासरी एक तृतीयांशाने फुगला.

एकाचे दोन होतात कसे? पहिली वाट कुशीची. वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे वेगळे असतात, म्हणून पायवाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावतो. एकाची बॅटरी गेली की एकच कूस मिळते. फक्त डाव्या कुशीचे आणि फक्त उजव्या कुशीचे वाघ एकत्र मोजले, की एकच जनावर दोनदा हजेरी लावते.

दुसरी वाट अंगाच्या हालचालीची. सकाळच्या सत्रात संगणकाची जुळणी श्रेष्ठ की डोळ्यांची, यावर बरीच खडाजंगी झाली. त्यावर ताडोबाच्या बाजूचा एक प्रसंग सांगतो. एका तरुण सहकाऱ्याने दोन नर माझ्यासमोर ठेवले. एकाचे पोट तट्ट भरलेले, मागचा पाय मागे ताणलेला. दुसऱ्याचे पोट खपाटीला गेलेले. संगणकाने ही जोडी यादीत बरीच खाली टाकली होती. मांडीवरचा एक पट्टा पहिल्यात सलग, दुसऱ्यात दुभंगलेला. ‘सर, पट्टाच वेगळा आहे,’ तो म्हणाला.

मी दोन्ही छायाचित्रांत मांडी आणि पोट कागदाने झाकले. उरला खांद्यामागून शेवटच्या फासळीपर्यंतचा भाग. तिथे एक पट्टा फुटून खाली पुन्हा मिळत होता. त्याखाली एक सुटी आखूड रेघ होती. तिच्यामागे दोन पट्टे वरच्या टोकाला जोडलेले होते. दोन्हीकडे तेच, त्याच क्रमाने. मग भरल्या पोटाच्या नराचे त्याच रात्रीच्या मालिकेतले पुढचे छायाचित्र काढले. पाय पुढे आला होता आणि सलग वाटणारा मांडीवरचा पट्टा उघडून दुभंगलेला दिसत होता. पावलागणिक कातडी ताणते, पोटाबरोबर पट्ट्यांमधले अंतर बदलते. कोणता पट्टा कुठे फुटतो, कुठे जुळतो, हे मात्र जन्मभर बदलत नाही. संगणक उमेदवार सुचवतो. निवाडा डोळ्यांनीच करायचा असतो.

याची दुसरी बाजूही तितकीच कडक आहे. त्याच जागी, त्याच कोनातून, स्वच्छ छायाचित्रात एक जरी ठळक फरक दिसला, तर बाकी कितीही साम्य असो, वाघ वेगळा. बिबट्याच्या बाबतीत रात्रीच्या अवरक्त छायाचित्रात ठिपक्यांची कडी एकमेकांत मिसळतात. तिथे नोंदवहीत ‘अनिर्णित’ लिहायला लाजू नका.

परिषदेने दोन कामे हाती घ्यावीत: प्रत्येक ‘नव्या’ नोंदीची दुसऱ्या व्यक्तीकडून स्वतंत्र तपासणी आणि अनिर्णितांचा वेगळा रकाना. नमुना कोण तयार करणार, खर्च कुठून येणार, हे कार्यकारिणी पाहील.

आकडा कमी होईल या धास्तीने काही जण नाराज होतील. खुशाल व्हावे. त्यांनी एवढेच करावे: यादीतल्या प्रत्येक जुन्या वाघाशी हा नवा कुठे जुळत नाही, ते छायाचित्रावर बोट ठेवून दाखवावे. दाखवता आले, तर पहिली टाळी माझी. नाही आले, तर तो वाघ मोजायचा नाही.