खुणेची भाषा

२०१९ साली निघालेल्या ‘एपेक्स लेजेंड्स’ या संगणकावरील युद्धखेळात पुष्कळदा परस्परांस सर्वस्वी अनोळखी असे तिघे एका तुकडीत येतात. एकाने दूरच्या खिडकीवर नेम धरून खुणेची कळ दोनदा दाबली, की सोबत्यांच्या पडद्यावर त्या जागी तांबडी खूण उमटते आणि त्याचे पात्र ‘शत्रू तेथे आहे’ असे बोलते.

मात्र खूण शत्रूमागे धावत नाही. तो घरामागे सरकला तरी ती खिडकीवरच राहते. तेथे तोंडचा शब्द हवा: ‘दोघे, घरामागे, एकाचे कवच फुटले.’ संख्या, स्थान, स्थिती, एवढेच. बोलणे लांबले, की पाठीमागून येणाऱ्याची पावले त्यात बुडतात.